साडीच्या सेलचं कॅप्शन: पंचांग, हिशेब आणि शिंपी

नवरात्राच्या नऊ रंगांची यादी दरवर्षी नवी वाटते, पण त्यातले पहिले सात रंग चक्क वारावर ठरलेले असतात! सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. २०२४ मध्ये घटस्थापना गुरुवारी होती म्हणून पिवळ्याने सुरुवात झाली, २०२५ मध्ये ती सोमवारी आली म्हणून पांढऱ्याने. हे ज्या दुकानदाराच्या डोक्यात पक्कं असतं, तो राखाडी साडीची पोस्ट शुक्रवारी संध्याकाळी टाकत नाही. शनिवारी नेसायची साडी त्याआधी फॉल-पिकोला जाऊन यायला हवी ना! म्हणून ती पोस्ट मंगळवारी-बुधवारीच पडलेली बरी.

आता सुटीचे आकडे. पाटीवर ‘२०% + १०%’ लिहिलं की आपण मनात ३०% करून मोकळे होतो. दहा हजारांच्या साडीवर आधी २०% गेले, राहिले आठ हजार. पुढचे १०% या आठ हजारांवर, म्हणजे आठशे. बिल ७,२०० रुपये, खरी सूट २८%.

‘दोनवर एक मोफत’ याहून मजेशीर. तिन्ही साड्या सारख्या किमतीच्या असल्या तर सूट ३३% पडते. पण मोफत मिळते ती बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त साडी. तीन-तीन हजारांच्या दोन आणि दीड हजारांची एक घेतली, तर साडेसात हजारांच्या मालावर दीड हजार सुटले, म्हणजे २०%. ज्या कॅप्शनमध्ये ‘कमी किमतीची साडी मोफत’ हे शब्द आधीच असतात, तिथे काउंटरवर वाद होत नाहीत.

‘पैठणीवर सूट’ हे तर अर्धंच वाक्य. कुठली पैठणी? हातमागाची की यंत्रमागावरची सेमी? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल हातमागाचा पदर उलटा करून पाहा: मोर, मुनिया, आसावली मागूनही जवळपास तशीच दिसते, कारण नक्षीचा प्रत्येक रंग हाताने गुंफलेला असतो. सेमीच्या पाठीमागे मात्र सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. सेमी घेण्यात कमीपणा काहीच नाही, रोजच्या सणावाराला ती छानच. फक्त तिला सेमी म्हणा. आणि व्हिडिओ टाकणार असाल तर तीन सेकंद पदर उलटा करून दाखवा. ‘अप्रतिम, शाही, मनमोहक’ या तीन शब्दांपेक्षा त्या तीन सेकंदांवर गिऱ्हाइकाचा विश्वास जास्त बसतो.

घाई कशी लावायची? ‘शेवटच्या २ साड्या!’ असं कपाट भरलेलं असताना लिहायला कायद्याचीही आडकाठी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आमिषाच्या किमतीला पुरेसा माल हवा, नाहीतर साठा मर्यादित असल्याचं स्पष्ट लिहायला हवं. २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी आली, तिच्यात पहिलाच नंबर खोट्या घाईचा.

खरं तर साडीच्या दुकानाला खोट्या घाईची गरजच नाही. पितृपक्षात अनेक घरांत नवी खरेदी टाळतात, त्यामुळे सगळी गर्दी घटस्थापनेपासून. दसरा पूर्ण मुहूर्त, दिवाळी पाडवा अर्धा. पाडव्याची ओवाळणी, भाऊबीजेची साडी या तारखा पुढे ढकलता येत नाहीत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शिंपी! दिवाळी जवळ आली की तो ब्लाउज घेणंच बंद करतो. ही तारीख दुकानदाराने शिंप्याला विचारून कॅप्शनमध्ये टाकली, तर ती गिऱ्हाइकाला मदत वाटते, दबाव वाटत नाही.

समजा शिंप्याने कोजागरीची मुदत दिली. मग कॅप्शनची पहिली ओळ अशी:

‘पाडव्याच्या ओवाळणीला पैठणी! सेमी-पैठणीवर २०% सूट, हातमागावर १०%. ब्लाउज शिवून हवा तर कोजागरीपर्यंत या.’

सण, सूट, मुदत, तिन्ही आलं. सेलची शेवटची तारीख, बदलून देण्याचा नियम, पत्ता आणि वेळ खालच्या ओळींत. इन्स्टाग्रामवर ‘आणखी’च्या आधी साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते: ‘साडी’ची चार, ‘पैठणी’ची पाच! वरची ओळ १०२ मध्ये बसली.

जुन्या गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवणार असाल तर आणखी काटकसर करा. इंग्रजीला तिथे १६० अक्षरं मिळतात, मराठीला फक्त ७०. त्यापुढे गेलं की एकाचे दोन मेसेज होतात. म्हणून: ‘सेमी-पैठणी २०%, हातमाग १०% सूट. ब्लाउजसाठी कोजागरीपर्यंत या.’ झाली ६०. उरलेल्या दहांत दुकानाचं नाव.