माइक बदलावा की जागा?

घरच्या खोलीत पॉडकास्ट करणाऱ्याला आपला आवाज घुमतोय असं वाटलं, की त्याचा डोळा महागड्या माइकवर जातो. पण घुमण्याचं कारण बहुतेकदा उघड्या भिंतींत आणि माइकपासूनच्या अंतरात असतं.

याचा छडा घरीच लागतो. एकच वाक्य तोंडापासून 60 आणि मग 15 सेंटिमीटरवर माइक ठेवून रेकॉर्ड करावं. अंतर निम्मं झालं, की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. इथे दोनदा निम्मं झाल्याने वाढ 12 डेसिबलची. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. दोन्ही तुकडे सारख्या पातळीवर आणून ऐकावेत. दुसऱ्यात घुमणं कमी झालं, तर साधा स्टँड आणि जाड पडदे पुरतात. नवा माइक लांबच ठेवला, तर तोही तीच खोली टिपेल.

पंखा, फ्रीज बंद करून जवळून बोलतानाही एकसारखी खरखर राहिली, तर दोष उपकरणात असू शकतो. तेव्हाही केबल आणि ऑडिओ इंटरफेस बदलून पाहावा. तरीही खरखर गेली नाही, तर नवा माइक घेणं रास्त.

कॅमेऱ्याची परीक्षा खिडकीपाशी होते. रात्री दाणेदार दिसणारं चित्र दिवसाउजेडी स्वच्छ आलं, तर आधी दिवा घ्यावा.