फोटोतलं पासबुक कसं वाचायचं?

जून 2025 मध्ये मावशीने पोस्टाच्या आरडीच्या पासबुकाचे दोन फोटो पाठवले. खाली मेसेज : ‘दीड वर्ष पैसे भरतेय, व्याज कुठे दिसतच नाही.’

मी आधी पहिल्या पानाचा फोटो उघडला, कारण सगळा हिशेब तिथून सुरू होतो. खातं 8 जानेवारी 2024 ला उघडलेलं, हप्ता दरमहा 2,000 रुपये. त्या वेळी व्याजदर 6.7 टक्के होता आणि तो पाचही वर्षं तोच राहतो. खातं 15 तारखेच्या आत उघडलेलं असल्यामुळे पुढचा प्रत्येक हप्ताही 15 तारखेच्या आत जायला हवा.

दुसऱ्या फोटोत शेवटची नोंद 12 जून 2025 ची, शिल्लक 34,000. शिलकीला हप्त्याने भागलं की भरलेले हप्ते मिळतात : 17. फोटो अंधुक असेल तर हाच भागाकार कामी येतो. बाकी उरली, तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय.

पण जानेवारी 2024 ते जून 2025 हे 18 महिने होतात. म्हणजे एक हप्ता कमी. तारखांचा रकाना वर वर वाचत गेले, तेव्हा सापडलं : 12 ऑगस्टला शिल्लक 16,000 आणि त्यानंतरची नोंद थेट 10 ऑक्टोबरची, 18,000. सप्टेंबरमध्ये मावशी लेकीकडे गेली होती. चुकलेल्या हप्त्याला शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया, म्हणजे तिच्या हप्त्याला 20 रुपये दंड पडतो. शिवाय पुढचे पैसे आधी थकबाकीत जातात, त्यामुळे एकदा दोन हप्ते एकदम भरेपर्यंत खातं एक पाऊल मागेच राहतं. असे चार हप्ते थकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात.

आता व्याज. आरडीच्या शिलकीत फक्त भरलेले पैसे दिसतात, व्याज मुदत संपल्यावर मिळतं. अंदाज मात्र काढता येतो. 18 हप्ते वेळेवर गेले असते, तर पहिला हप्ता 18 महिने, दुसरा 17, असं करत शेवटचा एक महिना व्याज कमावतो. एकूण 171 महिने. 2,000 रुपयांचं महिन्याचं व्याज सुमारे 11 रुपये 17 पैसे, म्हणून 1,910 रुपये. दर तिमाहीला चक्रवाढ होत असल्याने प्रत्यक्षात ते 1,960 च्या आसपास जातं. पण हे पैसे आज हातात येत नाहीत. तीन वर्षांआधी खातं मोडता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी मोडलं तर बचत खात्याचाच दर लागतो.

साठही हप्ते वेळेवर गेले, तर जानेवारी 2029 मध्ये 1,20,000 रुपयांचे 1,42,732 होतात.

एजंटकडे पैसे देत असाल, तर कार्डावरच्या सहीवर थांबू नका. पासबुक परत आलं की त्या महिन्याची नोंद आणि शिक्का तिथल्या तिथे बघा.