ट्रॅक्टर भाड्याचा पैसा बारा महिने कसा पुरवायचा?

आपल्याकडे नांगरट-रोटाव्हेटरची गर्दी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एरवी ट्रॅक्टर बराच वेळ शेडमध्येच. जूनचे पैसे जूनमध्येच संपतात अन् सप्टेंबरात किराणा उधारीवर.

मागच्या वर्षीच्या भाड्यातून डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती आणि हप्ता वजा जाता काय उरलं, ते महिनावार वहीत मांडा. समजा, वर्षाला 1,56,000 रुपये उरले. म्हणजे महिन्याला सरासरी 13,000. घरखर्चाला दरमहा 12,000च घ्या.

मेमध्ये 28,000 आणि जूनमध्ये 32,000 उरले, तर 36,000 वेगळ्या बचत खात्यात जातील. (रोजच्या खात्यात ठेवले तर राहत नाहीत, अनुभव आहे!) जुलैत 10,000 आणि ऑगस्ट-सप्टेंबरात 3-3 हजारच उरले, तर तीन महिन्यांत खात्यातून 20,000 काढावे लागतील. तरी 16,000 शिल्लक, तोवर रब्बीची कामं येतात.

सुरुवात मे किंवा ऑक्टोबरातच करा. ऑगस्टमध्ये केली तर काढायला खात्यात काहीच नसतं.

"पट्टी आली की देतो" म्हणणाऱ्याची उधारी वहीत लिहा, पण पैसे हातात येईपर्यंत मोजू नका. टोमॅटोचा बाजार पडला की ती लांबतेच.

परतीचा पाऊस लांबला तर रब्बीची कामंही पुढे जातात. शिल्लक 12,000 च्या खाली आली, की कामं सुरू होईपर्यंत घरात 9,000च घ्या.