आठी आधी, उजेड नंतर

फायटिंग गेममध्ये मारामारी सुरू होण्याआधी खेळाडू निवडावा लागतो. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी मांडलेल्या असतात, प्रत्येक चौकटीत एक चेहरा, आणि त्या चेहऱ्याकडे बघून क्षणभरात ठरवायचं असतं की आज कोण होऊन लढायचं. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ साली आला, तेव्हा पार्लरमधल्या त्या यंत्राचा अख्खा पडदा ३८४ बाय २२४ ठिपक्यांचा होता. त्यात आठ योद्धे आणि जगाचा नकाशा मावायचा. चित्राच्या एका तुकड्याला एका वेळी पंधराच रंग मिळायचे. एवढ्याशा जागेत आणि एवढ्याशा रंगांत माणूस ओळखू यावा म्हणून चित्रकारांनी तीन गोष्टी पक्क्या धरल्या: जाड काळी बाह्यरेषा, एका बाजूने पडलेला कडक उजेड आणि ताणलेले हावभाव. पडदे मोठे झाले, रंगांची टंचाई संपली, तरी ही शैली टिकली. कारण चौकट आजही लहानच असते आणि बघणाऱ्याला वेळ आजही कमीच असतो.

आपल्या ओळखीच्या माणसाच्या फोटोवरून असा चेहरा करायचा, तर सुरुवात कुठून करायची? माझ्या भाच्याला मित्रांसोबत केलेल्या एका छोट्या गेमसाठी स्वतःचा असा चेहरा हवा होता. आम्ही तो GIMP या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर केला. बहुतेकांना वाटतं तसं त्यालाही वाटत होतं की चित्रात उजेड नाट्यमय हवा, म्हणजे फोटोही तसाच काढायला हवा. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च मारून त्याने एक फोटो काढूनही ठेवला होता. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. उजेड नंतर रंगवता येतो. कपाळावरची आठी नंतर आणता येत नाही. फोटोत हावभाव खरे हवेत आणि उजेड साधा, मऊ, सगळीकडे सारखा.

हावभावांचं आधी बघू. राग आला की भुवयांच्या आतल्या टोकांपाशी असलेला एक छोटा स्नायू त्यांना खाली आणि मध्ये ओढतो. त्याबरोबर दोन भुवयांमधली कातडी दुमडते आणि उभ्या आठ्या पडतात. नाकपुड्या फुगतात, ओठ आवळून पातळ होतात, हनुवटी पुढे येते. २०१४ साली ॲरन सेल, लीडा कॉस्मिडीस आणि जॉन टूबी यांनी संगणकावर तयार केलेले चेहरे लोकांना दाखवले. रागाच्या या खुणांपैकी एकेकच खूण त्या चेहऱ्यांवर आणलेली होती. तेवढ्यानेही तो माणूस अंगाने जास्त ताकदवान वाटतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे लढवय्याचा चेहरा म्हणून चित्रकार जे काढत आले, त्याला शरीरातच आधार आहे.

आता शांत चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नुसत्या भुवया खाली ओढल्या तर काय होतं? भुवया सरकतात, पण कातडी दुमडत नाही. भुवयांमधली जागा इस्त्री केल्यासारखी सपाट राहते आणि चेहरा रागावलेला न दिसता झोपाळू दिसतो. म्हणून भाच्याला खरोखर दात-ओठ खायला लावले आणि फोनमधला चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद केला. तो चालू राहिला असता, तर आपल्याला हव्या त्याच सुरकुत्या त्याने पुसून टाकल्या असत्या. फोटो दीड मीटरवरून, दुसऱ्याच्या हातून काढलेला बरा. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ येतं. २०१८ च्या एका अभ्यासातल्या हिशेबानुसार एका फुटावरून पुरुषाचं नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक मोठं झालं की त्यामानाने जबडा आणि कान बारीक वाटतात, आणि लढवय्याला तर भक्कम जबडा हवा.

खरा राग फोटोत आला, की तो ताणायचा. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चित्र फसतं. एक काम माणूस ठळक करण्याचं, दुसरं हावभाव ठळक करण्याचं. पहिल्याची रीत सुझन ब्रेनन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत संगणकावर बसवली. चेहऱ्यावर ठरावीक बिंदू मांडायचे, ते सरासरी चेहऱ्याच्या बिंदूंशी ताडायचे आणि जिथे जेवढा फरक असेल तो वाढवायचा. समजा, दोन बाहुल्यांमधलं अंतर १०० धरलं, सरासरी जबड्याची रुंदी १७० आली आणि आपल्या माणसाची १८०. फरक १० चा. तो दीडपट केला की जबडा १८५ होतो. ज्याचा जबडा सरासरीहून अरुंद आहे त्याचा याच रीतीने आणखी अरुंद होईल, आणि तसाच तो होऊ द्यायला हवा. लढवय्या म्हणजे चौकोनी जबडा असं धरून सगळ्यांना तोच चिकटवला, की ओळख गेलीच.

हावभावांसाठी मात्र तुलना सरासरी चेहऱ्याशी नाही, त्याच माणसाच्या शांत चेहऱ्याशी करायची. भाच्याचे आम्ही दोन फोटो घेतले होते. दुसऱ्या, शांत फोटोचा उपयोग फक्त मोजण्यापुरता. रागाच्या फोटोत त्याची डावी भुवई उजवीपेक्षा बरीच जास्त खाली आली होती. मग Warp Transform हे अवजार घेऊन, मोठ्या गोल कुंचल्याने, डावी भुवई आणखी खाली आणि उजवी किंचित खाली सरकवली. वाकडेपणा त्याचाच होता, फक्त वाढवला. फार ताणलं तर ते कसं ओळखायचं? डोळ्याची बाहुली बघावी. ती गोल न राहता लांबट झाली, की थांबावं आणि एक पाऊल मागे यावं.

यानंतर रेषा, आणि मऊ उजेडाचा फायदा इथे कळतो. कडा शोधण्याची एक जुनी, साधी युक्ती आहे. तोच फोटो दोनदा धूसर करायचा, एकदा थोडा आणि एकदा त्याहून जास्त, मग एकातून दुसरा वजा करायचा. गालासारख्या सपाट जागी दोन्ही धूसर प्रती सारख्याच असतात, म्हणून बाकी शून्य उरते. पापणीच्या काठावर किंवा ओठांच्या फटीत त्या वेगळ्या असतात, तिथे रेषा उमटते. डेव्हिड मार आणि एलन हिल्ड्रेथ यांनी १९८० साली दाखवलं की दुसरा धूसरपणा पहिल्याच्या सुमारे १.६ पट ठेवला, तर कडा चांगल्या सापडतात. GIMP मध्ये हे Difference of Gaussians या नावाने तयार मिळतं. Radius 1 आणि Radius 2 असे दोन आकडे ते विचारतं.

आकडे कोणते द्यायचे हे शेवटची चौकट ठरवते. आमच्या फोटोत चेहरा ८०० ठिपके उंच होता आणि गेममध्ये तो १०० ठिपक्यांचा होणार होता, म्हणजे आठपट लहान. पहिल्यांदा १ आणि १.६ दिले, तर मिशीचा केस न् केस आणि गालावरची छिद्रंसुद्धा रेषा बनून आली. मोठ्या पडद्यावर ते छानच दिसत होतं. पण तीन ठिपके जाडीची रेषा आठपट लहान झाली की अर्धा ठिपकाही उरत नाही. तिचा नुसता करडा डाग होतो. ५ आणि ८ दिल्यावर बारीकसारीक गळून पडलं आणि भुवया, डोळे, नाकपुड्या, ओठ आणि ती आठी एवढंच उरलं. मग या रेषांवरून नव्या थरावर हाताने गिरवलं. डोक्याची आणि जबड्याची बाह्यरेषा १६ ठिपके जाड, म्हणजे शेवटी दोन. आतल्या रेषा त्याच्या निम्म्या आणि टोकाला निमुळत्या. टोकं निमुळती केली नाहीत तर रेषा तारेसारखी मेली दिसते.

भाच्याच्या टॉर्चच्या फोटोवरही मी हीच युक्ती चालवून पाहिली. नाकाच्या सावलीची कड एक जाड रेषा होऊन गालावर आली, जणू वार झाला आहे. संगणकाला हाडाची कड आणि सावलीची कड यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त उजेडातली उडी दिसते. रेषा मऊ उजेडातल्या फोटोवरून काढायच्या त्या यासाठीच.

उजेड सगळ्यात शेवटी, रेषांच्या खालच्या थरावर. पृष्ठभागावर किती उजेड दिसणार हे तो प्रकाशाकडे किती वळलेला आहे यावर ठरतं. सरळ समोर असेल तर पूर्ण, ६० अंश कललेला असेल तर निम्मा, ९० अंशांवर काहीच नाही. हा लाम्बर्टचा नियम १७६० पासूनचा. म्हणून चेहऱ्याचे मनाने सपाट तुकडे पाडावेत: कपाळ, नाकाची बाजू, गालाचं हाड, जबड्याखालचा भाग. दिवा वर डावीकडे धरला, तर यातला जो तुकडा निम्म्याहून कमी उजेड घेतो तो सरळ सावलीत टाकायचा. मधल्या छटा नकोत. Multiply थरावर तांबूस-जांभळा रंग भरला की त्वचेचा मूळ रंग खालून जिवंत राहतो. काळा भरला तर मातकट होतो. भाचा सावळा आहे. त्याच्या सावलीच्या बाजूला काळी बाह्यरेषा दिसेनाशीच झाली. तिथे उपयोगी पडते ती मागून येणाऱ्या दिव्याची उजळ कड. आम्ही ती निळसर ठेवली, गालाच्या हाडावर रुंद, कानाखाली बारीक, मानेवर तुटक. सगळीकडे सारख्या रुंदीची कड दिली असती, तर चेहरा कापून चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसला असता.

खालून उजेड देण्याचा मोह खलनायकासाठी होतोच. पण १९९२ साली जॉन्स्टन, हिल आणि कार्मन यांनी दाखवलं होतं की खालून उजळलेला ओळखीचा चेहराही पटकन ओळखू येत नाही. उजेड वरून पडतो हे गृहीत धरूनच आपण चेहऱ्याचे उंचवटे वाचतो. तरी उजेड नियमाला चिकटूनच ठेवावा असं नाही. आर्क सिस्टम वर्क्स या कंपनीने २०१४ च्या ‘गिल्टी गियर एक्सर्ड’मध्ये प्रत्येक पात्राला पार्श्वभूमीपासून वेगळा, स्वतःचा दिवा दिला, आणि चेहऱ्यावर सावली कुठे पडावी हे चित्रकारांनी हाताने जुळवलं. नियम बरोबर पाळूनही नाकाखाली विचित्र डाग पडला, तर तो पुसायची मुभा चित्रकाराला असतेच.

चित्र झालं की ते १०० ठिपक्यांवर आणून बघायचं आणि मग आडवं उलटवूनही बघायचं, कारण दुसऱ्या खेळाडूच्या बाजूला बऱ्याच गेम चेहरा आरशातल्यासारखा फिरवून दाखवतात. जुन्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये सगाट वळला की त्याच्या डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जायची. आमच्या चित्रात भांग आणि ती खाली ओढलेली डावी भुवई बाजू बदलत होती, आणि दिवाही डावीकडून उजवीकडे जात होता. दोन खेळाडू समोरासमोर आले की दोन्ही चेहऱ्यांवर उजेड बाहेरच्या बाजूने पडतो, ते चांगलंच दिसतं, म्हणून दिवा तसाच ठेवला. भांग आणि भुवई यांच्यासाठी मात्र भाच्याने दुसरं चित्र वेगळं गिरवलं.