तारीख देणारा हिशेब

“पंधरा तारखेला पंप पोचतील, साहेब.” विक्री विभागाने असा शब्द फोनवरच देऊन टाकायचा आणि मग गोदामाने धावपळ करायची, ही रीत अजून अनेक कारखान्यांत चालते. ‘सॅप’सारख्या प्रणालीत मात्र VA01 उघडून ऑर्डर भरतानाच एटीपी तपासणी होते. गोदामातली शिल्लक आणि येणारा माल यांतून आधीच शब्द दिलेला माल वजा करून, मोकळा नग कोणत्या दिवशी किती उरतो, हे ती पाहते.

समजा, एका पंप कारखान्यात ५ तारखेला १०० नगांची ऑर्डर आली. ग्राहकाला माल १५ तारखेला हवा आहे. प्रणाली तिथून उलटी मोजत येते. वाहतुकीला दोन दिवस, ट्रक भरायला एक, माल काढून बांधायला दोन. म्हणजे पंप १० तारखेला हाताशी हवेत. (सुट्ट्या इथे सोडून देऊ.) गोदामात ७० आहेत खरे, पण त्यांतले ४० दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर आहेत. मोकळे उरले ३०. उत्पादनातून ६० नग १४ तारखेला येणार आहेत. राहिलेल्या १० नगांसाठी कुठलीच आवक नोंदलेली नाही. तिथे प्रणाली पंपाच्या माहितीपत्रकात भरलेला, नवा माल तयार व्हायला लागणारा कालावधी उचलते. तो २० दिवसांचा असेल, तर ते १० नग २५ तारखेला मिळतील.

प्रत्येक तारखेत पाठवणीचे पाच दिवस मिळवले की ग्राहकाला खरे उत्तर मिळते: १५ला ३०, १९ला ६० आणि ३०ला १०. त्याला सगळा माल एकदमच हवा असेल, तर ३० तारीख. उत्तर कडू आहे, पण साइटवरच्या मजुरांना कधी बोलवायचे, हे त्याला आजच ठरवता येते.

मात्र ही तारीख प्रणालीत भरलेल्या माहितीपेक्षा जास्त खरी नसते. कास्टिंग यायलाच ३५ दिवस लागत असताना माहितीपत्रकात जुने २० तसेच राहिले, तर प्रणाली बिनदिक्कत चुकीची तारीख देते. येणाऱ्या मालात काय धरायचे, हेही कारखान्यानेच आधी ठरवायचे असते. तपासणीत अडकलेला माल मोजायचा का? नुसते नियोजनात असलेले उत्पादन? सैल नियम लावले की तारखा छान दिसतात आणि नंतर ग्राहकांचे फोन वाढतात.

सर्वांत फसवी असते ती मुदत उलटूनही बंद न केलेली उत्पादन ऑर्डर. जुन्या तारखेची आवकही धरायची असा नियम असेल, तर न बनलेले पंप मोकळे म्हणून दिसत राहतात. हा घोटाळा CO09 च्या पडद्यावर पकडता येतो. तिथे आवक-जावक तारीखवार दिसते. गेल्या आठवड्याची आवक अजून यादीत असेल, तर आधी शॉप फ्लोअरला विचारा आणि मगच ग्राहकाला तारीख कळवा.