काटा हलत नाही, पण पट्टा सैल होतो

आमच्या इंदुरीत आणि आसपासच्या गावांत एक शरीरयष्टी फार दिसते. हात-पाय बारीक, चेहरा बेताचा, आणि सदऱ्याच्या गुंड्या ताणणारे पोट. अशा माणसाला कुणी लठ्ठ म्हणत नाही. तोही म्हणतो, "आपलं वजन तर बरोबर आहे." पुढे कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघते. मग घाईने भात बंद होतो, पहाटे तळेगाव-चाकण रस्त्याने चालणे सुरू होते. महिनाभराने काट्यावर आकडा जवळपास तोच असतो आणि सारे सोडून दिले जाते. या अंकात आम्ही अशाच माणसाविषयी लिहीत आहोत. त्याला वजन कमी करण्यापेक्षा चरबी कमी करून स्नायू वाढवण्याची गरज आहे. व्यायामशाळेत याला 'बॉडी रिकॉम्पोझिशन' म्हणतात.

या शरीरयष्टीचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची आणि पोटातील अवयवांची. चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. काटा खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो, हे त्या एका फोटोने दाखवले.

आता हे घडते कसे, ते पाहू. चरबीचे स्नायूत रूपांतर होत नाही. दोन्ही वेगळ्या पेशी आहेत. एकाच वेळी दोन कामे चालू ठेवावी लागतात. रोजच्या खर्चापेक्षा थोडे कमी खाल्ले की शरीर साठवलेली चरबी जाळते. त्याच काळात स्नायूंवर भार पडला आणि प्रथिने पुरेशी मिळाली, तर शरीर स्नायू बांधते. नुसते चालल्याने हृदयाला आणि साखरेला फायदा होतो, पण स्नायू वाढण्याइतका भार पडत नाही. आणि प्रथिने न वाढवता उपास केला तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

एक उदाहरण हिशेबाने मांडतो. समजा, 38 वर्षांचे गृहस्थ आहेत, पाळीत काम करतात, उंची 168 सेंटिमीटर, वजन 72 किलो, बेंबीच्या पातळीवर कंबर 96 सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी 90 आणि स्त्रीसाठी 80 ही कमरेची मर्यादा मानतात. त्यांनी जेवण रोज साधारण 300 कॅलरींनी कमी करावे. दोन साखरेचे चहा, कॅन्टीनमधला एक वडा आणि भाताची दुसरी वाढ सोडली, की एवढे सहज होते. इंद्रायणी भात बंद करायची गरज नाही.

प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.4 ग्रॅम धरली, तर त्यांना दिवसाला सुमारे 100 ग्रॅम लागतात. सकाळी तीन अंडी, म्हणजे 18 ग्रॅम. दुपारी दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण, मिळून 19. त्याच जेवणात कोरडे मोजून 40 ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, 20. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध, 16. रात्री कच्चे मोजून 100 ग्रॅम चिकन किंवा मासे, 22. उरलेले पाच भातातून येतात. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी रात्रीही सोयाबीन किंवा पनीर घ्यावे. महागडा पावडरचा डबा यात कुठेही लागत नाही.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून, 40 मिनिटे. बैठका, जोर, जमिनीवरून वजन उचलणे, कमरेतून वाकून वजन पोटाकडे ओढणे आणि वजन डोक्यावर नेणे, असे पाच प्रकार पुरतात. वजन म्हणून पाण्याचा घट्ट झाकणाचा कॅन चालतो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरने सुरुवात करावी. प्रत्येक प्रकाराचे तीन फेरे, फेऱ्यात आठ ते बारा वेळा. तिन्ही फेऱ्यांत बारा वेळा जमू लागले की दोन लिटर वाढवावे. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून काढावेत. उचलताना पाठ सरळ ठेवावी आणि श्वास रोखू नये. भार वाढत गेला नाही तर स्नायूला वाढायचे कारणच उरत नाही.

पहिल्या महिन्यात वजन 72 वरून 72.4 झाले तरी घाबरू नये. नव्या व्यायामाने स्नायूंत पाणी साठते. सोळा आठवड्यांनी साडेतीन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू आला, तर काट्यावर फक्त दोन किलो कमी दिसतील. पण कंबर 96 वरून 92 च्या आसपास येईल आणि पट्ट्याचे भोक बदलेल. म्हणून वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन, शिंप्याच्या टेपने कंबर, आणि किती लिटर किती वेळा उचलले. कंबर कमी आणि लिटर जास्त, तर गाडी रुळावर आहे. वजन आठवड्याला किलोभर घसरते आहे आणि उचलणेही घटते आहे, तर स्नायू जातो आहे, जेवण वाढवा. वजन आणि कंबर दोन्ही वाढत असतील तर खाणे जास्त होते आहे. चरबीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबू नका, शरीरातल्या पाण्याप्रमाणे तो बदलतो.

हे कुणाला जमेल? ज्यांनी कधी वजन उचलले नाही आणि पोट सुटले आहे, त्यांना सर्वांत चांगले. पूर्वी तालीम करून सोडलेल्यांनाही लवकर फळ मिळते. साठीपुढच्यांना आणि पाळी गेलेल्या भगिनींनाही उपयोग होतो, फक्त वेग कमी असतो. पण पोट सपाट असलेल्या किडकिडीत तरुणाने कमी खाऊ नये, त्याला भरपूर जेवण आणि भार हवा. वर्षानुवर्षे व्यायाम करणाऱ्या, आधीच पिळदार माणसाला दोन्ही गोष्टी एकदम साधणे अवघड असते. वजन फारच जास्त असेल तर काट्यावरचा आकडाही उतरलाच पाहिजे, तिथे भार फक्त स्नायू राखायला. गरोदर भगिनींनी हा मार्ग धरू नये.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण कमी केल्यास साखर एकदम घसरू शकते, त्यामुळे औषधाची मात्रा आधी तपासून घ्यावी. दरदरून घाम, हातांना कंप आणि घेरी आली तर लगेच साखर खावी आणि त्या दिवशीचा व्यायाम थांबवावा.

आजच टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. चार महिन्यांनी तुलना त्या आकड्याशी करा, काट्याशी नको.