बेदाण्याची दोन इन्व्हॉइस

'माल पसंत आहे, पीआय पाठवा,' एवढीच ओळ दुबईच्या खरेदीदाराकडून येते आणि तासगावचा नवा निर्यातदार इंटरनेटवरून एक इंग्रजी नमुना उतरवून घेतो. महिन्याभराने क्लिअरिंग एजंट फोन करून 'कमर्शिअल इन्व्हॉइस' मागतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत: विकणारा, घेणारा, मालाचं वर्णन, दर, रक्कम, खाली सही-शिक्का. इंग्रजी कागदांची सवय नसली की मोठ्या अक्षरातलं 'इन्व्हॉइस' तेवढं डोळ्यांत भरतं आणि त्याआधीचा शब्द निसटतो. मग पहिल्याच कागदाची तारीख बदलून तोच पुढे सरकवला जातो.

हे दोन कागद ओळखायला शीर्षकापेक्षा काळ बघावा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजेच पीआय ही व्हायच्या व्यवहाराची मांडणी असते: एवढा माल, या दराने, या अटींवर देऊ. म्हणून त्यात 'अमुक तारखेपर्यंत दर कायम' अशी मुदत असते, पैसे भरायला आपल्या बँकेचा तपशील असतो, 'ऑर्डर पक्की झाल्यापासून इतक्या दिवसांत माल रवाना' असं लिहिलेलं असतं. कमर्शिअल इन्व्हॉइस प्रत्यक्ष भरलेल्या मालाची असते. तिच्यात दराची मुदत नसते. त्याऐवजी किती खोकी, निव्वळ वजन किती, एकूण वजन किती, कोणत्या बंदरातून कुठे, हे येतं. कस्टम्स तिच्यावरूनच मालाची किंमत धरतं. आपल्याकडे परकीय व्यापार महासंचालनालयाने निर्यातीसाठी सक्तीचे कागद मोजकेच ठेवले आहेत: बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, कमर्शिअल इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट, आणि शिपिंग बिल. त्यात पीआय नाही.

मग पीआयला काही किंमतच नाही का? माझ्या मते नवा निर्यातदार फसतो तो इथेच. 'ती काय, नुसतं कोटेशन' असं म्हणून पीआय घाईघाईत खरडली जाते. पण खरेदीदार तीच घेऊन आपल्या बँकेत जातो आणि तिच्या आधारे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, उघडतो. पीआयमधलं मालाचं वर्णन, परिमाण आणि अटी बहुधा जशाच्या तशा एलसीत उतरतात. पुढे कमर्शिअल इन्व्हॉइसला त्या एलसीशी जुळावं लागतं. घाईत लिहिलेली ओळ अशी फिरून बँकेच्या काउंटरवर आपल्यासमोर येते.

एक हिशेब मांडून बघू. आपल्या निर्यातदाराने पीआयमध्ये लिहिलं: 'इंडियन गोल्डन रेझिन्स, १० किलोची १,२०० कार्टन, दर किलोला २.१० डॉलर, सीआयएफ जेबेल अली, एकूण २५,२०० डॉलर.' एलसी तशीच उघडली गेली. माल तुकड्यातुकड्याने पाठवायला मनाई, हीही अट तीत होती. प्रत्यक्ष प्रतवारी करताना थोडा बेदाणा ओलसर निघाला, बाजूला काढावा लागला आणि कार्टन भरली १,१८०. म्हणजे ११,८०० किलो, किंमत २४,७८० डॉलर. कमर्शिअल इन्व्हॉइस याच आकड्यांची करायची, कारण कंटेनरमध्ये आहे तेच तिच्यावर हवं. पण बँक कागद नाकारते.

एलसीचे व्यवहार ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात त्या यूसीपी ६००मध्ये, म्हणजे १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या नियमावलीत, परिमाणात ५ टक्के कमी-जास्त चालतं. मात्र दोन अटींवर: एलसीत परिमाण ठरावीक नगांत किंवा खोक्यांत दिलेलं नसावं आणि मागितलेली रक्कम एलसीच्या रकमेवर जाऊ नये. आपल्या एलसीत '१,२०० कार्टन' आहे, म्हणजे खोक्यांची संख्या बांधलेली. २० खोकी कमी, म्हणजे दोन टक्क्यांचीही घट नाही, तरी ती चूकच धरली जाते. त्याच पीआयमध्ये '१२,००० किलो, १० किलोच्या कार्टनमध्ये भरलेला' असं लिहून परिमाण किलोत ठेवलं असतं, तर ११,८०० किलो सवलतीत सहज बसले असते. माल तोच, भाव तोच. फरक पडला तो महिन्याभरापूर्वी लिहिलेल्या एका ओळीने.

वर्णनाचंही तसंच. यूसीपी ६००च्या कलम १८नुसार कमर्शिअल इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. इतर कागदांवर विसंगती नसेल तर मोघम नाव चालतं, इन्व्हॉइसवर नाही. त्यामुळे पीआयत 'गोल्डन रेझिन्स' आणि इन्व्हॉइसवर 'यलो ड्राय ग्रेप्स' लिहिलं, तर बाजारात दोन्ही बेदाणाच असला तरी बँकेतला माणूस माल बघत नसतो, अक्षरं बघत असतो. आणि एलसीने कमर्शिअल इन्व्हॉइस मागितली असताना शीर्षकात 'प्रोफॉर्मा' राहून गेलं, तर तो कागद बँकांच्या प्रचलित पद्धतीनुसार चालत नाही.

अशी चूक निघाली की बँक चुकीचं शुल्क लावते आणि खरेदीदाराला विचारते, चालवून घेता का? भाव चढते असतील तर तो लगेच हो म्हणतो. दरम्यान भाव पडले असतील, तर हीच २० खोकी दर उतरवून मागायला त्याला पुरतात, कारण आपला माल तोवर समुद्रात असतो.

घरच्या बाजूलाही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पीआय ही विक्री नव्हे. तिचे नंबर वेगळ्या मालिकेत ठेवावेत आणि ती विक्री म्हणून खात्याला घालू नये. जीएसटीच्या दृष्टीने विक्रीचं बिल म्हणजे टॅक्स इन्व्हॉइस. तिच्यावर एलयूटीखाली, म्हणजे आयजीएसटी न भरता निर्यात असल्याचा किंवा कर भरून निर्यात असल्याचा ठरलेला शेरा लागतो. शक्य असेल तर कमर्शिअल इन्व्हॉइसला तोच नंबर द्यावा. आयजीएसटी भरून परतावा मागणाऱ्यांची शिपिंग बिलं कस्टम्सच्या संगणकावर SB005 हा कोड दाखवून अडकतात, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शिपिंग बिलातला इन्व्हॉइस नंबर जीएसटी विवरणातल्या नंबराशी न जुळणं.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. समजा सौदा एलसीऐवजी ३० टक्के आगाऊ घेऊन झाला, तर पीआयवर २५,२०० डॉलरचे ३० टक्के, म्हणजे ७,५६० डॉलर येतात. कमर्शिअल इन्व्हॉइसवर मालाची किंमत पूर्ण २४,७८० डॉलरच दाखवायची. आगाऊ मिळालेले ७,५६० खाली वेगळ्या ओळीत वजा करून येणे १७,२२० लिहायचं. काही जण उरलेल्या रकमेचंच इन्व्हॉइस करतात. मग कस्टम्सकडे मालाची किंमत कमी नोंदली जाते, आणि बँक शिपिंग बिलासमोर आलेले पैसे जुळवायला बसते तेव्हा आगाऊ रक्कम कुठेच बसत नाही. कधी खरेदीदारच तिकडची ड्यूटी वाचवायला कमी आकड्याची इन्व्हॉइस मागतो. तिथे 'नाही' म्हणावं. खोटी किंमत लिहिल्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

पीआय पाठवल्यावर एलसी उघडण्याआधी तिचा मसुदा मागून घ्यावा आणि शेजारी पीआय ठेवून ओळ न् ओळ वाचावा. इंग्रजी पक्कं नसेल तर क्लिअरिंग एजंट किंवा बँकेच्या फॉरेक्स विभागातल्या माणसाला सोबत बसवावं. मसुद्यात खोक्यांऐवजी किलो करून घ्यायला एक ईमेल पुरते. एलसी उघडल्यावर तोच बदल हवा असेल तर दुरुस्ती मागावी लागते, तिचं शुल्क कुणी भरायचं यावर पुन्हा बोलणी होतात, आणि खरेदीदाराने ती मागितलीच नाही तर आपल्या बँकेच्या हाती काही नसतं.